ऑर्डर आली, पण जायचं कधी?

बदलीच्या ऑर्डरमध्ये तारखांचा दुष्काळ कधीच नसतो. माझ्या ऑर्डरवर सगळ्यात वर 26 मे 2025 होती, मग संदर्भात कुठल्यातरी जुन्या पत्राची तारीख, मग मजकुरात ‘10 जूनपर्यंत कार्यमुक्त करावे’ आणि खाली डिजिटल सहीच्या चौकोनात आणखी एक, ती वरच्या तारखेशी जुळत नव्हती कारण साहेबांनी सही दुसऱ्या दिवशी केली असणार. आता यातली नवीन ऑफिसात हजर व्हायची तारीख कोणती? एकही नाही. ती ऑर्डरमध्ये नव्हतीच. नागपूरहून पुणे एवढं लिहिलं होतं, कधी ते आपलं आपण काढायचं.

केंद्र सरकारच्या खात्यात बदलीची ऑर्डर हल्ली व्हॉट्सॅप ग्रुपवरच येते. पाच पानांची पीडीएफ, वाकडी स्कॅन केलेली. ती आली की सगळे एकच काम करतात, स्वतःचं नाव शोधतात, त्या ओळीचा स्क्रीनशॉट काढतात आणि घरी पाठवतात. ऑर्डर वाचणं म्हणजे एवढंच. त्या ओळीच्या वर काय लिहिलंय, तक्त्याखाली काय लिहिलंय, प्रती कोणाकोणाला गेल्यात, हे कोणी बघत नाही. मीही स्क्रीनशॉट पाठवला, आणि घरून पहिला प्रश्न आला,

“अहो, पण जायचं कधी?”

“10 जूनपर्यंत सोडणार म्हणतायत.”

“सोडणार ते कळलं, तिकडे पोचायचं कधी? ट्रकवाल्याला काय सांगू, शाळेत काय सांगू, घरमालकांना नोटीस कधीपासून द्यायची?”

हे तिन्ही प्रश्न रास्त होते आणि तिन्हींचं उत्तर एकाच तारखेत होतं, म्हणून रात्री जेवणं झाल्यावर पीडीएफचं प्रिंटआउट आणि पेन घेऊन बसलो आणि कागदावर चार रकाने आखले. काम, तारीख, कशावरून, कागद कुठे. तिसरा रकाना बायकोला फालतू वाटला. मला मात्र तो सगळ्यात महत्त्वाचा वाटत होता, कारण ऑफिसात कोणीही काहीही ठामपणे सांगतं आणि ते कुठून आलं असं विचारलं की म्हणतात, असंच असतं.

पहिली ओळ लिहिण्याआधीच अडलो. कारण सगळ्या हक्काच्या मुळाशी एक प्रश्न आहे, ही बदली लोकहितार्थ आहे की स्वतःच्या विनंतीवरून? सरकारला तुमची गरज म्हणून हलवलं असेल तर जॉइनिंग टाइम, म्हणजे पदग्रहणासाठीचे हक्काचे दिवस मिळतात, बदलीचा टीए, म्हणजे प्रवास भत्ता मिळतो, सामानाचा खर्च मिळतो. तुम्हीच अर्ज करून मागितली असेल तर यातलं काहीच नाही, वाटेत लागणारे दिवसही स्वतःच्या रजेतून. म्हणजे एकाच ऑर्डरमधले, एकाच ट्रेनने जाणारे दोघे, एकाच्या खिशात पैसे येणार आणि दुसऱ्याच्या खिशातून जाणार. हा फरक शेरा नावाच्या एका बारक्या रकान्यात लिहिलेला असतो आणि तो रकाना नेहमी सगळ्यात उजवीकडे असतो, जिथे स्कॅनरची काच संपते.

माझा अनुक्रमांक 14. शेऱ्याच्या रकान्यात ‘स्वविनंतीनुसार’ असा शब्द होता, पण तो 14 च्या ओळीत होता की 15 च्या, हे देवालाच माहीत. तक्त्याच्या आडव्या रेघा पुसट आल्या होत्या, त्यात नेमका त्याच जागी पानाचा शेवट, आणि 15 क्रमांकाचं नाव दोन ओळींचं असल्यामुळे सगळं खाली सरकलेलं. मोबाइलवर झूम केलं की तो शब्द माझा वाटायचा, छापील पानावर तो त्याचा वाटायचा. मी तर अर्ज केलाच नव्हता हे मला माहीत होतं, पण मला माहीत असून काय उपयोग, पुण्यातल्या बिल बघणाऱ्या माणसाला कागदावर जे दिसणार तेच खरं.

बायको म्हणाली, “तुम्ही मागितली नव्हती ना? मग झालं तर.”

झालं कसलं. उत्तर तक्त्यात नव्हतंच, तक्त्याखाली होतं. तिसऱ्या परिच्छेदात एक वाक्य होतं की अनुक्रमांक 3, 9 आणि 15 यांच्या बदल्या त्यांच्या विनंतीवरून केलेल्या असल्याने त्यांना प्रवास भत्ता आणि पदग्रहण अवधी देय राहणार नाही, इतरांच्या बाबतीत नियमानुसार. ‘इतरांच्या’ मध्ये मी होतो! म्हणजे माझं नाव न घेता माझा हक्क सांगितला होता, तोही नकारार्थी वाक्याच्या शेपटीला. तक्ता आणि खालचा परिच्छेद यांचा मेळ घातल्याशिवाय शेरा वाचूच नये, हे मी चेकलिस्टच्या वरच लिहून टाकलं. आणि दुसऱ्या दिवशी डीलिंग क्लार्कला ते पान दाखवून म्हटलं, ही स्कॅन धूसर आहे, मूळ प्रत एकदा बघू द्या. मूळ प्रतीत शब्द स्वच्छ 15 समोर होता. तिची फोटोकॉपी काढून फाइलला लावली. पुढच्या वादाला हा कागद पुरेसा होता.

आता तारीख. जॉइनिंग टाइमचे केंद्राचे नियम 1979 चे आहेत आणि ते तसे सोपे आहेत. बदलीमुळे गाव बदलत असेल तर अंतरावर दिवस मिळतात, 1000 किलोमीटर किंवा त्याहून कमी असेल तर 10 दिवस, 1000 ते 2000 ला 12, त्याच्यावर 15. नागपूर ते पुणे सातशेच्या आसपास, म्हणजे 10. इथपर्यंत माझ्या मेहुण्यालाही कळलं, तो लगेच म्हणाला, “मग 10 जून अधिक 10, 20 जूनला हजर व्हा, सोप्पंय.” मेहुणा खाजगी कंपनीत आहे, तिथे बेरीज म्हणजे बेरीजच असते.

आमच्याकडे बेरजेआधी एक प्रश्न असतो, तुम्हाला सकाळी सोडलं की संध्याकाळी? नियम असा की पूर्वाह्नात, म्हणजे दुपारच्या आधी पदभार सोडला तर त्याच दिवसापासून जॉइनिंग टाइम मोजायचा, आणि अपराह्नात सोडला तर दुसऱ्या दिवसापासून. एवढ्याशा फरकाने काय होणार असं वाटतं ना? कॅलेंडर घ्या. 10 जून 2025 ला मंगळवार होता. सकाळी सोडलं असं धरलं तर 10 तारीख हाच पहिला दिवस, दहावा दिवस 19 जून, गुरुवार, आणि शुक्रवारी 20 ला सकाळी पुण्यात हजर. संध्याकाळी सोडलं तर पहिला दिवस 11, दहावा 20 जून, शुक्रवार. आणि इथे दुसरा नियम येतो, जॉइनिंग टाइम संपल्यावर लागून सुट्टी आली तर ती सुट्टीही त्यात धरली जाते. शनिवार, रविवार 21 आणि 22. म्हणजे हजर व्हायचं सोमवारी, 23 जूनला. एका ‘अपराह्न’ शब्दावर शुक्रवारचा सोमवार होतो, सामान लावायला एक अख्खा शनिवार-रविवार मिळतो.

बायकोने हे सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, “म्हणजे सरकारच्या हिशोबात सकाळ आणि संध्याकाळमध्ये तीन दिवस असतात.”

असतात.

आता ही वेळ बदलीच्या ऑर्डरमध्ये नसते. तिथे फक्त ‘10 जूनपर्यंत’ असतं. ती वेगळ्या कागदावर येते, कार्यमुक्ती आदेशावर, जो तुमचं जुनं ऑफिस काढतं. बरेच जण इथेच फसतात, बदलीची ऑर्डर हातात आली की त्यांना वाटतं सगळं आलं. खरं तर बदलीची ऑर्डर सांगते कुठे जायचं, आणि कार्यमुक्तीची ऑर्डर सांगते दिवस कधीपासून मोजायचे. दोन्ही शेजारी ठेवल्याशिवाय रुजू व्हायची तारीख निघत नाही. म्हणून चेकलिस्टमध्ये मी त्या ओळीपुढे तारीख लिहिलीच नाही, ‘कार्यमुक्ती आदेशावरची वेळ बघून’ एवढंच लिहिलं, यावर घरात बरीच नाराजी झाली, कारण ट्रकवाला वेळ बघून वगैरे काही ऐकत नाही.

शेवटी ते कार्यमुक्तीचं ड्राफ्ट टाइप होत असतानाच मी टायपिंगवाल्याच्या मागे उभा राहिलो. हे थोडं लाजिरवाणं दिसतं पण इलाज नव्हता. त्यांच्याकडे आधीच्या कोणाची तरी फाइल उघडलेली असते, नाव, पद, ठिकाण बदलायचं आणि प्रिंट मारायचं. त्या आधीच्या माणसाला सकाळी सोडलं होतं, म्हणून माझ्याही नावापुढे ‘10.06.2025 (पूर्वाह्न)’ चमकत होतं. मी म्हटलं, साहेब, मी त्या दिवशी संध्याकाळी सहापर्यंत इथेच बसणार आहे, बायोमेट्रिकला पण दिसेल, शिवाय चार्ज पण दुपारनंतरच द्यायचाय, तर तेवढं अपराह्न करा. तो म्हणाला, “काय फरक पडतो?” मी त्याला फरक सांगायला बसलो असतो तर ड्राफ्ट दुसऱ्या दिवशी निघालं असतं. मी फक्त म्हटलं, हजेरीशी जुळायला हवं ना. हे त्याला पटलं. सरकारी माणसाला हक्कापेक्षा जुळवाजुळव लवकर पटते, असं माझं निरीक्षण आहे.

झालं, 23 जून पक्की झाली. ट्रकवाल्याला 13 तारीख सांगितली, घरमालकांना महिनाअखेर. ऑर्डरमधला आणखी एक शब्द मात्र घशात अडकल्यासारखा होता, ‘तात्काळ’. ‘संबंधितांनी नवीन ठिकाणी तात्काळ रुजू व्हावे.’ आमच्या ऑफिसातले एक ज्येष्ठ, ज्यांच्या स्वतःच्या इतक्या बदल्या झाल्यात की त्यांच्या घरात अजून काही खोकी उघडलेली नाहीत, ते म्हणाले, “तात्काळ लिहिलंय म्हणजे जॉइनिंग टाइम गेला.” तर तसं नाही. ऑफिसला खरोखरच तुम्ही लवकर हवे असाल आणि तसं त्यांनी सांगितलं, तर न वापरलेले दिवस बुडत नाहीत, ते अर्जित रजेत, म्हणजे ईएलमध्ये जमा होतात. दुसरी वाटही आहे, तुम्ही एकटे आधी जा, हजर व्हा आणि कुटुंबाला नंतर न्या, तरी उरलेले दिवस ईएलला जातात. अट एवढी की कुटुंब टीएसाठी ठरलेल्या मुदतीत हललं पाहिजे, ती मुदत तुमच्या बदलीनंतर सहा महिने, आणि ईएलचा साठा 300 च्या वर जाता कामा नये.

त्यामुळे घरात एक नवीन पर्याय टेबलावर आला. समजा मी 16 जूनला, सोमवारीच हजर झालो, तर 11 ते 15 असे पाच दिवस वापरले, उरलेले पाच ईएलमध्ये. मुलाची शाळा सुरू होण्याआधी सगळे मागून येतील. कागदावर हे फारच देखणं दिसत होतं, पाच दिवस रजा बँकेत! मी तो हिशोब उत्साहाने समजावला. बायकोने विचारलं, सामान कोण बांधणार? मग 23 जूनच ठरली. काही पर्याय नियमात बसतात पण घरात बसत नाहीत.

आता पैशांची ओळ. ऑर्डरमध्ये हक्काबद्दल किती लिहिलं होतं तर ‘नियमानुसार देय’. दोन शब्द. त्यात किती काय काय असतं हे बाहेरच्या माणसाला सांगून खरं वाटत नाही.

सगळ्यात मोठी रक्कम म्हणजे कॉम्पोझिट ट्रान्सफर ग्रँट, आम्ही नुसतं सीटीजी म्हणतो. सातव्या वेतन आयोगानंतर तो शेवटच्या महिन्याच्या मूळ पगाराच्या 80 टक्के. माझा मूळ पगार 49,000, तर सीटीजी 39,200. यात गंमत अशी की हे पैसे कशाला खर्च केले याच्या पावत्या कोणी मागत नाही, भांडी फुटली, पडदे नवे घेतले, गॅसचा पाइप बसला, सगळं त्यातच. पण मूळ पगार म्हणजे मूळ पगार, डीए, म्हणजे महागाई भत्ता त्यात धरायचा नाही, आणि जुनं आणि नवं ठिकाण वीस किलोमीटरच्या आतलं असेल आणि घर खरंच बदललं असेल तर एक तृतीयांशच मिळतो. मेहुण्याने डीए धरून हिशोब केला होता आणि त्या आनंदात नवीन सोफ्याचे फोटो पाठवायला सुरुवात केली होती, त्याला हे सांगावं लागलं.

दुसरं सामान. माझ्या पगाराच्या लेव्हलला 6000 किलोपर्यंत सामान न्यायचा हक्क आहे. सहा टन! आम्ही दोघं आमच्या हॉलमध्ये उभे राहून आजूबाजूला बघत होतो. फ्रिज, वॉशिंग मशीन, दोन कपाटं, पलंग, पुस्तकं, मुलाची सायकल. बायको म्हणाली, “आपल्याकडे सहा टन असतं तर आपण भाड्याच्या घरात राहिलो असतो का?” लेव्हल 5 ला हाच आकडा 3000 आणि 4 आणि त्याखाली 1500, म्हणजे हक्क सामानावर नसतो, पदावर असतो. सहा टनांचा हक्क आहे म्हणून सहा टनांचे पैसे मिळतात असं समजू नका, किती नेलं आणि कितीचं बिल झालं ते दाखवावं लागतं, ही मर्यादा आहे, बक्षीस नाही.

त्यामुळे चेकलिस्टच्या ‘कागद कुठे’ रकान्यात सगळ्यात जास्त शाई ट्रकवाल्यासाठी गेली. तो माणूस गोड होता, पण त्याचं बिल म्हणजे एका कोऱ्या पानावर ‘घरसामान’ आणि रक्कम. मी त्याला आधीच फोनवर सांगितलं, छापील बिल पाहिजे, त्यावर तारीख, गाडी नंबर, कुठून कुठे, वजन आणि पैसे मिळाल्याची सही. तो म्हणाला, “साहेब, वजन कोण करतो?” मी म्हटलं, काट्यावर करून पावती घे, तेवढे पैसे मी देतो. त्याने बहुतेक फोन ठेवताना मला वेडा ठरवलं असेल, पण 13 तारखेला गाडी काट्यावरून आली, पावतीसकट. ती पावती मी प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवली आणि फोल्डर सामानात नाही, पाठीवरच्या बॅगेत. हे आवर्जून सांगतो, कारण कागदपत्रांचं खोकं ट्रकमध्ये टाकणारी माणसं मी पाहिली आहेत आणि ते खोकं नेहमी सगळ्यात खाली जातं.

तिसरा प्रवास. स्वतःचा आणि कुटुंबाचा, माझ्या लेव्हलला एसी टूपर्यंत. इथे जपायचं फक्त तिकीट, त्यावरची नावं आणि पीएनआर. कुटुंब माझ्या आधी एक महिन्यापर्यंत किंवा नंतर सहा महिन्यांपर्यंत कधीही जाऊ शकतं, हे कळल्यावर सासूबाईंचा चेहरा उजळला, त्यांना वाटलं नातू अजून सहा महिने नागपुरात राहील. त्यांना समजावण्याचं काम चेकलिस्टमध्ये लिहिलं नव्हतं पण करावं लागलं.

एचआरए, म्हणजे घरभाडे भत्ता हा विषय मात्र सरळ असून लोक त्यात उगाच गोंधळतात. नागपूर वाय वर्गातलं शहर, पुणे एक्स. डीए 50 टक्क्यांवर गेल्यापासून एक्सला मूळ पगाराच्या 30 टक्के, वायला 20. माझ्या बाबतीत 9,800 चे 14,700. बायकोने लगेच 11 जूनपासून जादा पैसे लिहून टाकले. नाही. जॉइनिंग टाइममध्ये एचआरए जुन्या ठिकाणाचाच मिळतो, पुण्याचा दर तुम्ही हजर झाल्या दिवसापासून, 23 जूनपासून. त्या मधल्या दिवसांत नागपूरचं भाडं आणि पुण्याच्या घराचं डिपॉझिट दोन्ही आपणच भरत असतो, पण नियमाला ते माहीत नाही. म्हणूनच टीएचा अ‍ॅडव्हान्स आधी मागून घ्यावा, तो मिळतो, पण अर्जाला बदलीच्या ऑर्डरची प्रत जोडावी लागते, आणि कार्यमुक्त झाल्यावर मागायला गेलात तर जुनं ऑफिस म्हणतं नव्याकडे जा आणि नवं म्हणतं जुन्याकडे घ्यायचा होता. मी तो 2 जूनलाच टाकला. 2 जूनला सोमवार होता, आणि अर्ज सोमवारी टाकला की क्लार्कच्या डोळ्यासमोर आठवडाभर राहतो.

या सगळ्या मोठ्या रकमांच्या गर्दीत सगळ्यात छोटा दिसणारा कागद म्हणजे एलपीसी, शेवटच्या पगाराचा दाखला. तुम्हाला कुठल्या तारखेपर्यंतचा पगार दिला गेलाय, कुठल्या कपाती चालू आहेत, अ‍ॅडव्हान्स किती दिलाय, हे त्यावर असतं, आणि तो पोचल्याशिवाय नवीन ऑफिसला तुमचा पगारच काढता येत नाही. सर्व्हिस बुक मागून पाठवलं तरी चालतं, एलपीसी नाही. ‘पाठवतो’ म्हणतात, पण मी ‘पाठवतो’ या शब्दापुढे तारीख मागून घेतली आणि एक प्रत हातात घेऊनच निघालो. त्या प्रतीवर मी तीन गोष्टी बघितल्या, मूळ पगार बरोबर आहे का, टीएचा अ‍ॅडव्हान्स त्यात दाखवलाय का, आणि पगार 10 जूनपर्यंत दिला की मे अखेरपर्यंत. हे तिसरं चुकलं तर जूनचे दहा दिवस दोन्ही ऑफिसांच्या मध्ये लोंबकळत राहतात.

23 जूनला सकाळी पुण्यात हजर झालो. जॉइनिंग रिपोर्टवर ‘पूर्वाह्न’ मी स्वतःच्या हाताने लिहिलं, टायपिंगवाल्यावर सोडलं नाही. मग राहिली शेवटची ओळ, बिल सादर करण्याची मुदत. पूर्वी बदलीच्या टीएला वर्षभर मिळायचं, 2018 पासून प्रवास संपल्यापासून 60 दिवस. जुने लोक अजून वर्षच सांगतात, अगदी खात्रीने सांगतात. आणि कुटुंब वेगळं आलं, सामान वेगळं आलं तर ज्याच्या त्याच्या तारखेपासून मोजायचं, म्हणून मी 13 जूनच्या सामानाच्या बिलापुढे वेगळी तारीख आणि आमच्या तिकिटांपुढे वेगळी तारीख टाकली. बिल एकाच वेळी दिलं पण ज्याची मुदत आधी संपते ती धरून दिलं.

मधल्या काळात ती चेकलिस्ट बायकोने आपल्या भावाला पाठवली, मेहुण्याने कुठल्याशा ग्रुपवर, आणि तिथून ती आमच्याच अनुक्रमांक 15 पर्यंत पोचली. त्याचा रात्री फोन आला, फार खुशीत होता. “दादा, जबरदस्त लिस्ट केलीय, मी पण 10 दिवस धरून तिकीट काढलं, सीटीजीचं गणित पण केलं.”

मी म्हटलं, तुझ्या ओळीत शेरा काय आहे ते बघितलंस का?

“बघितलं ना, पण तो तुझ्या ओळीत आहे असं वाटलं.”

मग त्याला तिसरा परिच्छेद फोनवर वाचून दाखवला. लिस्टमधलं सीटीजी गेलं, सामान गेलं, तिकिटं गेली, जॉइनिंग टाइम गेला. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, “मग माझ्यासाठी यात उरलं काय?”

“एलपीसी,” मी म्हटलं, “आणि ते तिकीट ज्या तारखेचं काढलंयस ना, तेवढ्या दिवसांचा ईएलचा अर्ज उद्या सकाळीच टाक, निघायच्या आधी.”